‘लवकर उठे’च्या आधी ‘लवकर निजे’ आहे

परीक्षा जवळ आल्या की घरोघरी ‘लवकर निजे, लवकर उठे’ ही उक्ती ऐकू येऊ लागते, पण तिचा पहिला अर्धा भाग वडीलधारी मंडळी गिळून टाकतात आणि दुसरा तेवढा मुलांच्या माथी मारतात. तिच्या जोडीला ‘ब्राह्मे मुहूर्ते उत्तिष्ठेत्’ हे आयुर्वेदातील वचन असतेच, आणि त्याचा अर्थ पहाटे चार असा ठरलेला असतो. वास्तविक रूढ गणनेप्रमाणे हा मुहूर्त सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटे सुरू होतो आणि ४८ मिनिटे आधी संपतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची असल्यामुळे, ७३ अंशांच्या जवळपास असलेल्या मुंबईत सूर्य घड्याळाच्या मानाने सुमारे चाळीस मिनिटे मागे असतो. जानेवारीच्या मध्यास तेथे साधारण सव्वासातला उजाडते, म्हणजे त्या दिवसांत ब्राह्ममुहूर्त पावणेसहाच्या सुमारास लागतो. चारचा गजर लावणारे वचन पाळत नसून केवळ आकड्याची हौस भागवत असतात.

आता समजा, बारावीची एक विद्यार्थिनी रोज साडेअकराला झोपून साडेसातला उठते आणि उद्यापासून चारला उठायचे ठरवते. तिच्या शरीरात झोपेचा कारभार दोन यंत्रणा पाहतात. पहिली म्हणजे झोपेचा दाब: जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेत ते उतरते. दुसरी म्हणजे मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या मज्जातंतूंची जेथे फुली होते त्याच्या लगेच वर बसलेले जैविक घड्याळ. दाब कितीही असला तरी हे घड्याळ नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास जागेपणाचा जोर टिकवून धरते, म्हणून आठला अंथरुणावर पडलेली मुलगी छताकडे पाहत राहते आणि तिला शिस्त नसल्याचा निष्कर्ष घरचे काढतात. शिवाय पौगंडावस्थेत हे घड्याळ स्वभावतःच उशिराकडे सरकलेले असते, त्यात आळसाचा काही संबंध नाही.

मला सर्वांत रंजक वाटणारी गोष्ट पुढेच आहे. रोज पुन्हा लावावे लागणारे हे घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाने लागते, मात्र तोच प्रकाश वेळेनुसार उलटसुलट परिणाम करतो. नेहमीच्या उठण्याच्या सुमारे दोन तास आधी शरीराचे तापमान दिवसातील नीचांकाला पोहोचते. त्या क्षणानंतर मिळालेला प्रकाश घड्याळ पुढे आणतो, म्हणजे त्या रात्री झोप लवकर येते, तर त्याआधीचा प्रकाश घड्याळाला अजून संध्याकाळच असल्यासारखा वाटून ते आणखी मागे ढकलतो. आपल्या विद्यार्थिनीचा नीचांक साडेपाचच्या आसपास असणार. चारला उठून तिने डोळ्यांसमोर प्रखर दिवा लावला, तर लवकर उठण्याच्या खटपटीतून तिचे घड्याळ उशिराकडेच ढकलले जाऊ शकते. साडेचारला पुस्तकावर डुलकी येणे, एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागणे आणि रात्री तरीही झोप न येणे, ही त्याची ओळख.

(‘श्वाननिद्रा’ हे विद्यार्थ्याचे लक्षण सांगणाऱ्यांनी कुत्र्याकडे एकदा नीट पाहावे, त्याची झोप सावध असते खरी, पण तो दिवसाचा जवळपास निम्मा वेळ झोपतो. आणि पहाटे हवेत प्राणवायू वाढतो हा दावाही निराधार आहे. त्याचे प्रमाण चोवीस तास सुमारे २१ टक्केच राहते. उलट हिवाळ्यात शहरांवरील धूर पहाटेच जमिनीलगत साचून राहतो.)

तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, त्यामुळे या मुलीने साडेसातऐवजी सहाला उठण्याचे ठरवणे अधिक वास्तव आहे. दर दोन दिवसांनी झोपण्याची व उठण्याची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणली, तर ही दीड तासांची मजल बारा दिवसांत गाठता येते. उजाडताच गच्चीवर किंवा खिडकीशी अर्धा तास बसावे, कारण ढगाळ आकाशाचा उजेडही खोलीतील ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त असतो. रात्री नऊनंतर दिवे मंद ठेवावेत. दुपारी चारनंतरचा चहा टाळावा, कारण शरीरातील कॅफीन निम्मे व्हायलाच साधारण पाच तास लागतात आणि ते ॲडेनोसिनची जागा अडवून दाब केवळ लपवते, कमी करत नाही.

ही घडी बहुधा रविवारी मोडते. साडेनऊपर्यंत झोपल्यास सकाळचा मोलाचा प्रकाश हुकतो आणि रात्री दहापर्यंत दाबही पुरेसा साचत नाही. मग सोमवारी सहाचा गजर बंद करून मुलगी पुन्हा झोपते आणि ‘शिस्त नाही’ हे वाक्य स्वयंपाकघरातून पुन्हा ऐकू येते.