झूम कुठे आणि कॉलआउट कुठे: ॲपच्या डेमो व्हिडिओतली नेहमीची गल्लत

ॲपचा डेमो व्हिडिओ एडिट करताना एखादं बटण ठळक करायचं असलं, की आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर त्या भागावर झूम करतो, नाहीतर त्याभोवती चौकट काढून बाण आणि दोन-चार शब्द टाकतो, म्हणजेच कॉलआउट. दोन्हींनी बघणाऱ्याची नजर तिथे जाते, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं चालून जाईल असं वाटतं. पण झूम अक्षरं मोठी करतो आणि त्याची किंमत म्हणून बाकीचा स्क्रीन काढून घेतो. कॉलआउट सगळा स्क्रीन जागेवर ठेवून फक्त ‘इथे बघा’ एवढंच सांगतो. म्हणून आधी एक प्रश्न विचारायचा: बघणाऱ्याला ती गोष्ट वाचता येत नाहीये, की सापडत नाहीये? वाचता येत नसेल तर झूम, सापडत नसेल तर कॉलआउट.

वाचता येण्याचा हिशेब साधा आहे. समजा, 1920×1080 च्या व्हिडिओत मेनूची अक्षरं 14 पिक्सेलची आहेत. फोन उभा धरला की त्या व्हिडिओला जेमतेम 390 पॉइंट रुंदी मिळते, म्हणजे सगळं सुमारे पाचपट लहान होतं. ती अक्षरं तिथे तीन पॉइंटचीही राहत नाहीत, कुणालाच वाचता येत नाहीत. फोन आडवा करून पूर्ण स्क्रीनवर पाहिलं तर ती पाचच्या आसपास जातात, आणि 200 टक्के झूम दिला तर दहाच्या. तेव्हा कुठे वाचता येतात. अशा ठिकाणी चौकटीभोवती कितीही बाण काढले तरी चौकटीच्या आतलं वाचता येत नाही ते नाहीच.

आता त्याची किंमत बघा. 200 टक्के झूम म्हणजे मूळ स्क्रीनचा फक्त 960×540 एवढा तुकडा, म्हणजे पाव भाग. उरलेला पाऊण स्क्रीन त्या वेळी अस्तित्वातच नसतो. शिवाय रेकॉर्डिंग 1080 चंच असेल, तर हा पाव तुकडा ताणून पूर्ण फ्रेममध्ये बसवला जातो आणि अक्षरांच्या कडा मऊ पडतात. यावर उपाय आधीच करावा लागतो: रेकॉर्डिंग 3840×2160 मध्ये करायचं आणि टाइमलाइन 1920×1080 ची ठेवायची. मग 200 टक्क्यांपर्यंत झूम स्वच्छ राहतो. 2560×1440 मध्ये रेकॉर्ड केलं तर ही मर्यादा साधारण 133 टक्के येते. एक पथ्य मात्र पाळायचं: 4K स्क्रीनवर डिस्प्ले स्केलिंग 200 टक्के ठेवायचं. नाहीतर ॲपची अक्षरंच निम्म्या आकाराची रेकॉर्ड होतात आणि झूम करूनही हाती काही लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. साठ्याची नोंद ठेवणारं एक ॲप आहे आणि महिन्याचा अहवाल PDF मध्ये कसा काढायचा हे दाखवायचं आहे. डावीकडच्या मेनूत ‘अहवाल’ निवडायचं, वरच्या पट्टीत महिना ठरवायचा, यादीतल्या ओळीच्या उजव्या टोकाला असलेल्या तीन ठिपक्यांवर क्लिक करायचं, उघडलेल्या छोट्या मेनूतून ‘PDF डाउनलोड’ निवडायचं. मग खाली डाव्या कोपऱ्यात ‘फाइल तयार आहे’ अशी सूचना येते आणि काही सेकंदांत नाहीशी होते.

‘अहवाल’ला झूम नको. तो शब्द मेनूत कुठे आहे हे आजूबाजूच्या नावांवरूनच लक्षात राहतं आणि झूम केला की नेमकी तीच नावं फ्रेमबाहेर जातात. इथे हलकी चौकट पुरते. कॉलआउटमध्ये ‘अहवाल’ हाच शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला तर फोनवाल्यांचीही सोय होते. महिना निवडताना मात्र झूम हवाच, कारण कॅलेंडरमधल्या तारखा बारीक असतात आणि कोणती निवडली हे वाचल्याशिवाय ती पायरी समजत नाही. तीन ठिपके पुन्हा सापडण्याचा प्रश्न आहे. तिथे वाचायला काहीच नाही, फक्त ते ओळीच्या टोकाला असतात हे कळायला हवं. म्हणून पूर्ण ओळ दिसू द्यायची आणि ठिपक्यांभोवती वर्तुळ काढायचं.

खरी चूक पुढच्या पायरीला होते. छोटा मेनू उघडला म्हणून एडिटर उजवीकडे वर झूम करतो, ‘PDF डाउनलोड’वर क्लिक होतं आणि झूम तसाच राहतो. दरम्यान सूचना खाली डावीकडे येऊन गेलेली असते. बघणाऱ्याला वाटतं, क्लिक केलं पण झालं काहीच नाही. मला डेमो व्हिडिओंमध्ये सर्वांत जास्त खटकतं ते हेच, कारण त्यात पायऱ्या सगळ्या दिसतात, फक्त काम झाल्याचा पुरावा दिसत नाही. क्लिकनंतर लगेच पूर्ण स्क्रीनवर परत यायचं आणि मग सूचनेवर कॉलआउट टाकायचा. झूम-आउटला वेळ पुरत नसेल तर सूचना दिसते आहे त्या क्षणाची फ्रेम गोठवून थोडी लांबवावी.

कर्सरभोवतीचा पिवळा गोल या दोघांच्या मधला वाटतो, पण तो फक्त माउस कुठे आहे ते सांगतो. माउस जिथे जाणारच नाही त्या सूचनेकडे तो लक्ष वेधू शकत नाही. कर्सर व्हिडिओच्या चित्रातच मिसळून रेकॉर्ड झाला असेल तर तो नंतर मोठाही करता येत नाही. कॅमटेझियासारखी सॉफ्टवेअर कर्सरची माहिती वेगळी साठवतात, म्हणून तिथे हे जमतं.

झूम आणि कॉलआउट दोन्ही एकाच ठिकाणी लागतात तेव्हा एक तांत्रिक अडचण येते. झूम खालच्या क्लिपला दिलेला असतो आणि बाण वरच्या ट्रॅकवर असतो. झूम सुरू झाला की बटण सरकतं, बाण मात्र जागेवरच राहून भलतीकडे बोट दाखवतो. क्लिप आणि बाण यांचा ग्रुप करून त्या ग्रुपला झूम दिला तर बाण बटणासोबत राहतो, पण त्याची रेषा आणि अक्षरंही दुप्पट होतात आणि एकाच व्हिडिओतले कॉलआउट वेगवेगळ्या आकारांचे दिसू लागतात. मला क्रम लावणं जास्त सोपं वाटतं. आधी झूम पूर्ण होऊ द्यायचा. त्याला पाऊण ते एक सेकंद द्यावा, सुरुवात आणि शेवट मंद असावा आणि त्या वेळात कर्सर हलू नये. चित्र स्थिर झालं की कॉलआउट आणायचा, मनातल्या मनात दोनदा वाचून होईल इतका वेळ ठेवायचा, तो काढायचा, मग क्लिक आणि मग झूम-आउट. क्लिक झूम सुरू असतानाच झालं तर नजर हलत्या चित्रामागे जाते आणि क्लिक निसटतं.

रेकॉर्ड करतानाच क्लिकच्या आधी दोन-तीन सेकंद माउस स्थिर ठेवला तर या सगळ्याला जागा मिळते. ती नसेल तर फ्रेम गोठवावी लागते, आणि मागे एखादं ॲनिमेशन चालू असेल तर ते मध्येच अडकल्याचं स्पष्ट दिसतं.

तयार व्हिडिओ आवाज बंद करून फोनवर बघावा, एकदा उभा आणि एकदा आडवा. डोळे बारीक करावे लागले तर तिथे झूम कमी पडलाय. नजर स्क्रीनभर फिरत राहिली तर कॉलआउट हवा होता. आणि झूम-आउट झाल्यावर आपण स्क्रीनच्या कुठल्या भागात होतो हे क्षणभर आठवावं लागलं, तर तो झूम काढून तिथे नुसती चौकट लावून बघावी.