ठिबक किती तास चालवायचं? आधी बाटली लावून बघा

खरड छाटणी झाली की दुकानात रोज एकच तक्रार येते: "शेवटची झाडं सुकतात, ड्रिपर बदलून द्या." आम्ही आधी विचारतो, "बाटली लावली होती का?" काही जणांना राग येतो. पण न मोजता ड्रिपर विकणं आम्हाला पटत नाही.

मागे कृषी अधिकारी साहेब आपल्या शेडमध्ये बोलले, तेव्हा त्यांनी टँकरचा हिशोब मांडला होता. तोच इथे देतो. 9 बाय 5 फुटांवरची द्राक्षबाग म्हणजे एकरी साधारण 968 झाडं. झाडाला 4 लिटरचे दोन ड्रिपर, म्हणजे तासाला 8 लिटर. एकराला तासाभरात पावणेआठ हजार लिटर, दहा हजारी टँकरचा पाऊण भाग रिकामा!

आता समजा झाडाला 16 लिटर द्यायचे आहेत. दोन तास पुरतात. पण शेवटचा ड्रिपर तासाला 2.4 लिटरच टाकतोय. मग आपण काय करतो? शेवटच्या झाडासाठी मोटार तीन तास वीस मिनिटं चालवतो. तोवर सुरुवातीच्या झाडाला जवळजवळ 27 लिटर गेलेले असतात. सगळ्या ओळींचा सरासरी हिशोब धरला तर एका पाण्याला एकरी पाच हजार लिटर, म्हणजे अर्धा टँकर मुळांच्या खाली जातो. सोबत दिलेला युरियाही जातो, तो वेगळाच.

तपासायला लिटरची बाटली पुरे. दाब नेहमीसारखा आला की नळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ड्रिपरखाली 15 मिनिटं धरा. 4 लिटरचा ड्रिपर असेल तर बाटली भरायला हवी. शेवटी 600 मिली भरलं, तर वरचं उदाहरण तुमच्याच बागेतलं समजा.

शेवटी कमी भरलं की आधी नळ्यांची टोकं उघडून फ्लश करा. एका वेळी चार-पाचच उघडा, सगळी उघडली तर दाब पडतो आणि गाळ हलत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबा, मग पुन्हा बाटली लावा. आकडा वाढला तर दोष गाळाचा होता, ड्रिपरला पैसे घालू नका. वाढला नाही तर फिल्टर धुवा, सबमेनला गळती आहे का बघा, नळी गरजेपेक्षा लांब टाकलीय का तेही बघा. ओळीत इथे-तिथे एखादाच ड्रिपर मंद असेल तर तो बहुधा विहिरीच्या पाण्यातला क्षार. त्यावर ॲसिड ट्रीटमेंट करावी लागते, पण अंदाजाने करू नका. ॲसिड पाण्यात ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.

आणि कृपा करून ड्रिपरमध्ये टाचणी घालू नका. भोक मोठं होतं, मग तोच ड्रिपर शेजारच्यांचं पाणी पितो.

तीनही आकडे कागदावर लिहून आणा. ते बघून काय बदलायचं आणि काय नाही, ते सांगतो. फिल्टरची जाळी आणि एंड कॅप दुकानात नेहमी असतात. ॲसिड ट्रीटमेंटसाठी आमचा माणूस बागेवर येतो, आधल्या दिवशी कळवा.