संपात आणि अयनदिन : तारखा का सरकतात, ऋतू कधी लागतो

सूर्य खगोलीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेषा, ओलांडतो तो क्षण म्हणजे संपात, आणि उत्तर किंवा दक्षिण टोकाला पोचून परत फिरतो तो क्षण म्हणजे अयनबिंदू. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर अशा चार महिन्यांत हे चार क्षण येतात. शाळेत '२१ मार्च, २१ जून, २३ सप्टेंबर, २२ डिसेंबर' असे पाठ करून घेतात. दर वर्षी ते तसेच जुळेल असे नाही.

एका वसंत संपातापासून, म्हणजे मार्चमधल्या संपातापासून, पुढच्या वसंत संपातापर्यंत सरासरी ३६५ दिवस, ५ तास आणि सुमारे ४९ मिनिटे जातात. कॅलेंडर मात्र पूर्ण दिवसच मोजते. म्हणून संपात दर वर्षी पावणेसहा-सहा तासांनी पुढे जातो आणि लीप वर्षाचा जादा दिवस आला की सुमारे १८ तास मागे येतो. भारतीय वेळेनुसार २०२३ चा वसंत संपात २१ मार्चला पहाटे २:५४ ला झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत २९ तारीख आल्याने तो २० मार्चला सकाळी ८:३६ वर आला, २०२५ मध्ये त्याच तारखेला दुपारी २:३१ ला झाला. २०२६ मध्ये तो २० मार्चलाच, रात्री ८:१६ ला येतो, तर २०२७ मध्ये मध्यरात्र ओलांडून २१ मार्चच्या पहाटे १:५५ ला. चार वर्षांनी वेळ पुन्हा जवळपास तिथेच येते, पण थोडी अलीकडे. हा फरक सरासरी ४५ मिनिटांचा असतो. चंद्र आणि ग्रहांच्या ओढीमुळे तो काही मिनिटे कमी-जास्त होतो. ही मिनिटे साचत जातात, म्हणूनच २१०० हे वर्ष चारने भाग जात असूनही लीप नसेल.

परदेशी तक्त्यावरून तारीख उचलली की आणखी एक घोळ होतो. २०२७ चा हाच क्षण लंडनमध्ये २० मार्चच्या संध्याकाळी येतो. तारीख वाचताना वेळ कोणत्या गावची आहे ते आधी पाहावे.

हे धुऱ्यावर उभे राहूनही तपासता येते. सपाट जागेत जमिनीवर १ मीटर उंच काठी ओळंब्याने अगदी सरळ रोवावी आणि भर दुपारची सर्वांत आखूड सावली मोजावी. नागपूरच्या अक्षांशावर ती संपाताच्या सुमारास सुमारे ३९ सेंमी, तर २१-२२ डिसेंबरला सुमारे ९९ सेंमी भरते, दोन्ही वेळा उत्तरेकडे. २१ जूनला ती जेमतेम ४ सेंमी उरते आणि चक्क दक्षिणेकडे पडते, कारण विदर्भ कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. घड्याळात १२ वाजले म्हणून मोजायला बसलात तर चुकाल. नागपुरात मार्चमध्ये सूर्य माथ्याच्या रेषेवर साधारण १२:२१ ला येतो. सावलीची कडही धूसर असते, तेव्हा त्या धूसर पट्ट्याचा मध्य धरावा. मार्चमध्ये सावली रोज सुमारे ८ मिलिमीटरने आखूडते, त्यामुळे संपाताचा दिवस बऱ्यापैकी सापडतो. डिसेंबरात मात्र अयनदिनाच्या आधीच्या तीन दिवसांत मिळून फरक जेमतेम १ मिलिमीटरचा, म्हणजे काठीने तो दिवस नेमका सांगता येत नाही.

दिवस-रात्र समान होण्याची तारीखही संपाताची नव्हे. हवेतून किरण वाकतात आणि सूर्याची वरची कड दिसली की आपण उजाडले म्हणतो, त्यामुळे संपाताला दिवस ६-७ मिनिटे मोठाच असतो. विदर्भात मार्चमध्ये बरोबर बारा तासांचा दिवस संपाताच्या पाच-सहा दिवस आधीच होऊन जातो.

राहिला ऋतूचा आरंभ. खगोलीय पद्धतीत संपात किंवा अयनबिंदू हीच ऋतूची सीमा. हवामान खाते हिशेबाच्या सोयीसाठी पूर्ण महिने धरते : मार्च ते मे उन्हाळा, जून ते सप्टेंबर पावसाळा. शेतकऱ्याचा पावसाळा मात्र सूर्यनक्षत्रावर, म्हणजे मिरगावर लागतो. सूर्य ७-८ जूनला मृगात येतो आणि २१-२२ जूनला आर्द्रात. ही गणना ताऱ्यांच्या संदर्भाने आहे आणि नाक्षत्र वर्ष संपाताच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश फिरतो, त्यामुळे हा फरक पडतो. परिणामी मृग सुमारे ७१-७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. सतराशे वर्षांपूर्वी तो मेच्या मध्यात लागत असे. उत्तरायणाचा आरंभ डिसेंबरात आणि मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला, यांतले अंतरही याच सरकण्याने वाढले.

पाऊस यांपैकी कोणतीच तारीख पाळत नाही. मिरग लागला म्हणून कोरड्यात सोयाबीन टाकले आणि मग उघाड पडली, की दुबार पेरणी गळ्यात येते. म्हणून कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबायला सांगतो. ओल किती खोल गेली ते फावड्याने उकरून पाहावे.