दोनपैकी एक पैज जिंकली, तरी १२० डॉलर गेले

दोन पैजा एकमेकींना जोडायचे पार्ले, इफ बेट आणि रिव्हर्स बेट असे तीन प्रकार इथे बघायचे आहेत, पण आधी साधी पैज. स्पोर्ट्सबुक म्हणजे खेळांवर पैजा घेणारी पेढी, आणि तिथे अमेरिकन फुटबॉलच्या पैजेपुढे बहुतेक वेळा -११० हा आकडा दिसतो. १०० डॉलर जिंकायचे असतील तर ११० लावा, एवढाच त्याचा अर्थ. वरचे दहा ही बुकीची दलाली. पैज नुसती कोण जिंकणार यावर नसते. तगड्या संघाला गुणांचं ओझं दिलेलं असतं. ‘पॅकर्स -३’ म्हणजे पॅकर्स या संघाने तीनपेक्षा जास्त गुणांनी जिंकायला हवं. त्यामुळे कुठलीही बाजू घेतली तरी शक्यता साधारण निम्मी धरायला हरकत नाही.

समजा, रविवारच्या दोन वेगवेगळ्या सामन्यांत आपल्याला पॅकर्स आणि चीफ्स हे दोन संघ पसंत आहेत. दोघांवर ११० डॉलरच्या सुट्या पैजा लावल्या, तर दोन्ही लागल्यावर २०० मिळतात, एक लागली तर १० जातात आणि दोन्ही हुकल्या तर २२०.

पार्ले म्हणजे दोन्ही संघ एकाच पावतीवर. पॅकर्सनी मिळवून दिलेले सगळे पैसे, मुद्दल आणि नफा मिळून २१० डॉलर, आपोआप चीफ्सवर लागतात. दोन संघांच्या पार्लेचा रूढ दर ५ ला १३ असा आहे. म्हणजे ११० वर २८६ नफा. एक जरी हुकला तरी ११० बुडाले.

इफ बेटमध्ये अट असते: पॅकर्स जिंकले तरच चीफ्सवर ११० लावा. पुढे सरकते ती फक्त ठरलेली रक्कम, पहिल्या विजयाचे १०० बाजूला राहतात. दोन्ही लागले तर २००, पॅकर्स लागून चीफ्स हुकले तर वजा १०. पण पॅकर्स हुकले तर ११० जातात आणि चीफ्सची पैज लागतच नाही, मग त्यांनी मैदान गाजवलं तरी आपल्याला काही नाही. सामने एकाच वेळी चालू असले तरी बिघडत नाही, हा सगळा नंतरचा हिशेब असतो. पहिली पैज बरोबरीत सुटली, म्हणजे पॅकर्स नेमक्या तीनने जिंकले, तर काय? काही ठिकाणी साखळी तिथेच थांबते, काही ठिकाणी पुढची पैज लागते. तीन गुणांचा फरक फुटबॉलमध्ये वारंवार येतो, तेव्हा ही अट आधी वाचलेली बरी.

कुठला संघ आधी ठेवायचा ही डोकेदुखी टाळायला रिव्हर्स बेट आहे. यात दोन इफ बेट एकदम लागतात: पॅकर्सवरून चीफ्स आणि चीफ्सवरून पॅकर्स. दोन्ही जिंकले तर ४००, दोन्ही हरले तर वजा २२०. एकच जिंकला तर एका साखळीत १० जातात, दुसरीत ११०. एकूण १२०. दोन्हीकडून लावलंय म्हणजे जोखीम वाटली गेली, असं नवख्यांना वाटतं. तसं काही नसतं. सुट्या पैजांत याच निकालाला फक्त १० गेले असते.

दलालीच्या हिशेबात मात्र इफ बेट पार्लेपेक्षा सौम्य आहे. सुट्या पैजेत सरासरी ११० मागे ५ जातात, म्हणजे साडेचार टक्के. इफ बेटमध्ये दुसरी पैज निम्म्या वेळाच लागत असल्याने सरासरी १६५ डॉलर लागतात आणि साडेसात जातात. टक्केवारी तीच, रिव्हर्सचीही तीच. पार्लेत ११० मागे ११ जातात, म्हणजे दहा टक्के, कारण तिथे दलालीतून उरलेल्या मोठ्या रकमेवर पुन्हा दलाली बसते. रिव्हर्समध्ये डॉलरांत सरासरी १५ जातात, पार्लेपेक्षा जास्तच. टक्का कमी, पण लागणारी रक्कम तिप्पट.

खरी गंमत दोन निकाल एकमेकांत गुंतलेले असतील तेव्हा येते. कॉलेज फुटबॉलमध्ये एका संघावर ४० गुणांचं ओझं आहे आणि दोघांच्या एकूण गुणांची रेषा ५२ आहे, म्हणजे एकूण गुण त्याहून जास्त होतील की कमी यावरही पैज लावता येते, असं धरा. तो संघ ओझं पार करून जिंकला, तर त्याचे एकट्याचेच ४० च्या वर गुण झाले, मग एकूण ५२ ओलांडणं सोपं. सुट्या पैजांना या नात्याचा काडीचा फायदा नाही. एकदम लागण्याची शक्यता वाढते, तशी एकदम बुडण्याचीही वाढते आणि सरासरी तिथेच राहते. इफ बेटमध्ये दुसरी पैज फक्त चांगल्या वेळी लागते. दोन्ही निकाल एकाच बाजूला पडण्याची शक्यता सुमारे ५७ टक्क्यांपुढे गेली, की दलाली भरून निघते. पार्लेला तर साडेपंचावन्नच पुरतात. म्हणून अशी जोडी बहुतेक बुकी पार्लेत साध्या दराने घेत नाहीत, आणि सावध बुकी तीच जोडी इफ बेटमध्येही नाकारतो.