आबेलची श्रेणी: उंची जुळली, उतार जुळेना

जानेवारी १८२६मध्ये नील्स आबेलने बर्लिनहून आपले शिक्षक होल्म्बो यांना एक पत्र लिहिलं. अनंत श्रेणींशी गणिती किती बिनधास्त वागतात, हा त्यातला त्रागा. दाखला म्हणून त्याने −π आणि π यांच्या दरम्यान खरी असलेली ही श्रेणी घेतली:

x/2 = sin x − (sin 2x)/2 + (sin 3x)/3 − …

एकेका पदाचं विकलन केलं की मिळतं:

1/2 = cos x − cos 2x + cos 3x − …

यात x = 0 घाला. उजवीकडे उरतं 1 − 1 + 1 − 1 …, आणि ही श्रेणी अपसारी आहे.

‘एकसमान अभिसरण’, म्हणजे पदं वाढवली की अख्ख्या अंतरालात चूक एकाच वेळी हवी तितकी लहान होणं, ही कल्पना तेव्हा रुळलेली नव्हती. १८४७च्या आसपास स्टोक्स आणि सायडल यांनी स्वतंत्रपणे तिच्या जवळपासचे विचार मांडले. ती रोजच्या वापरातलं हत्यार झाली वायरश्ट्रासच्या बर्लिनमधल्या व्याख्यानांमुळे. आज वाटेल, आबेलच्या श्रेणीत हे अभिसरणच नसेल. π पर्यंत गेलं तर खरंच नाही. पण [−1, 1] या अंतरालात ती एकसमान अभिसारी आहे, तरीही विकलन फसतं.

का फसतं, हे पहिल्या n पदांच्या विकलजांची बेरीज मांडली की दिसतं:

1/2 − (−1)ⁿ cos((n + ½)x) / (2 cos(x/2))

दुसरा भाग n वाढला तरी लहान होत नाही, फक्त जास्त वेगाने हेलकावतो. मूळ श्रेणीतली चूक म्हणजे याच भागाचं संकलन, आणि त्यात छेदात 2n + 1 येतो. म्हणून [−1, 1] मध्ये १०० पदांनंतर उंचीतली चूक ०.००६च्या आत असते. पण x = 0 पाशी उतार १०० पदांना 0, १०१ पदांना 1; खरा उतार मात्र 1/2. आलेख रेषेला चिकटलेला, पण बारीक सुरकुत्यांनी भरलेला.

त्यामुळे अट मूळ श्रेणीवर नव्हे, विकलजांच्या श्रेणीवर घालावी लागते: ती अंतरालात एकसमान अभिसारी हवी, आणि मूळ श्रेणी निदान एका बिंदूपाशी, समजा c पाशी, अभिसारी हवी. विकलजं संतत असतील तर सिद्धता छोटी आहे. c पासून x पर्यंत पदशः संकलन करा (एकसमान अभिसरणामुळे ते चालतं), म्हणजे मूळ पदांना fₙ म्हटलं तर fₙ(x) − fₙ(c) यांची बेरीज हाती येते. मूळ श्रेणीचं एकसमान अभिसरण यातूनच, फुकटात मिळतं. c ची अट किरकोळ वाटते, पण प्रत्येक पद 1 घ्या: विकलजं सगळी शून्य, श्रेणी मात्र अपसारी.

१८७२मध्ये वायरश्ट्रासने Σ aⁿ cos(bⁿπx) ही श्रेणी बर्लिन अकादमीत मांडली: 0 < a < 1, b विषम पूर्णांक, ab > 1 + 3π/2. पदं aⁿ पेक्षा मोठी होत नाहीत, म्हणून अभिसरण एकसमान. विकलन केलं की aⁿ च्या जागी (ab)ⁿ येतो. आबेलच्या रेषेला निदान उतार तरी होता. या फलाला तो कुठल्याच बिंदूपाशी नाही.