परदेशात नंबर बदलला आणि कोड येईना : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या दादरच्या दुकानात एक तक्रार वरचेवर येते. मुलगा किंवा मुलगी शिकायला, नोकरीला बाहेर गेलेली असते. तिकडे नवीन सिम घेतलेलं असतं. मग एक दिवस मेल उघडायला जावं तर पासवर्ड बरोबर, पण पुढचा कोड काही येत नाही. आई-बाबा घरातलं जुनं सिम घेऊन आमच्याकडे येतात आणि म्हणतात, ‘एवढं रिचार्ज करून द्या.’ रिचार्ज आम्ही करूच, पण आधी हे वाचा. बऱ्याचदा त्याची गरजच नसते.

गिरगावातल्या एका काकूंचं उदाहरण सांगतो. त्यांची मुलगी सप्टेंबरात लीड्सला गेली. जाताना भारतातलं प्रीपेड सिम घरच्या जुन्या फोनमध्ये ठेवून गेली. नोव्हेंबरात रिचार्ज संपला, तो कोणाच्या लक्षात आला नाही. जानेवारीत तिने नवीन फोन घेतला, त्यात जीमेल घालायला गेली, तर पडद्यावर जुन्या नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसले आणि ‘या नंबरवर कोड पाठवला आहे’ असा निरोप. तिचं म्हणणं एकच होतं : ‘मी ऑक्टोबरातच नंबर बदललाय, मग जुन्यावर कोड का जातो?’

तिने नंबर खरंच बदलला होता, पण चुकीच्या ओळीत. `myaccount.google.com` वर `Security` विभागात गेलात की फोन नंबर एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसतो. `Recovery phone` म्हणजे पासवर्ड विसरलात किंवा खात्यात काही संशयास्पद घडलं तर वापरायचा नंबर. `2-Step Verification` च्या आत असतो तो लॉगिनचा कोड पाठवायचा नंबर. दोन्ही एकाच पानावर, एकमेकांखाली असतात, म्हणून एक बदलला की दुसराही बदलला असं वाटतं. तसं होत नाही. काकूंच्या मुलीने पहिला बदलला आणि दुसऱ्या ठिकाणी भारतातला नंबर तसाच राहिला.

आम्ही काकूंना दुकानात बसवलं आणि दुपारी चारला मुलीला व्हिडिओ कॉल लावला. लीड्सला तेव्हा सकाळचे साडेदहा. पहिला प्रश्न विचारला : ‘तुझ्या लॅपटॉपवर मेल अजून उघडतो का?’ उघडत होता. तीन दिवस ती नव्या फोनवर पुन्हा पुन्हा कोड मागवत होती आणि शेजारीच उघडा मेल असलेला लॅपटॉप होता! लॅपटॉपवर पूर्वी लॉगिन करताना तिने `Don't ask again on this device` वर खूण केली होती, त्यामुळे तिथे सेटिंग्जमध्ये जायला फक्त पासवर्ड लागला.

तिथून आम्ही सांगितलेला क्रम महत्त्वाचा आहे. आधी `Backup codes` उघडायला लावलं. गूगल आठ-आठ आकडी दहा कोड देतं, प्रत्येक कोड एकदाच चालतो. तिने ते वहीत उतरवले. मग नव्या फोनवर कोडच्या पानावर `Try another way` दाबून त्यातला एक कोड टाकला आणि मेल उघडला. त्यानंतर दोन टप्प्यांच्या पडताळणीत इंग्लंडचा नंबर घातला, त्यावर कोड येतो हे तपासलं आणि सगळ्यात शेवटी जुना नंबर काढला. जुना नंबर आधी काढायचा नाही. नवीन नंबरात एक आकडा चुकला आणि हाताशी बॅकअप कोडही नसले, तर पुढच्या लॉगिनला अडकलातच.

एक गोष्ट लक्षात ठेवा. `Recovery phone` बदलल्यावर सात दिवसांपर्यंत गूगल आधीच्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय दाखवू शकतं. खातं कोणी चोरून नंबर बदलला तर मूळ मालकाला परत मिळावं, म्हणून ही सोय आहे. त्या आठवड्यात जुना नंबर दिसला म्हणून घाबरू नका. आणि कोड आला नाही म्हणून दहा-दहा वेळा मागवूही नका. फार प्रयत्न झाले की काही काळ प्रयत्नच बंद होतात.

नवीन नंबर टाकूनही कोड येत नसेल तर आधी सुरुवातीचा शून्य बघा. इंग्लंडचा मोबाइल तिथले लोक 07 ने सुरू करून सांगतात, पण देशाचा क्रमांक लावला की तो शून्य गळतो आणि नंबर +44 7 असा सुरू होतो. जर्मनीतही तसंच, +49 नंतर शून्य नाही. काही ठिकाणी ही चूक आपोआप सुधारली जाते, काही ठिकाणी मेसेज कुठेच पोचत नाही.

खरं तर मेसेजवरच अवलंबून राहू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. फोनमध्ये ऑथेंटिकेटर ॲप जोडून घ्या. त्यातला सहा आकडी कोड दर तीस सेकंदांनी बदलतो, त्याला सिम लागत नाही, नेट लागत नाही, देश कुठला हेही त्याला कळत नाही. कोड चुकीचा ठरला तर फोनचं घड्याळ हाताने लावलेलं आहे का बघा. तारीख-वेळ आपोआप घेण्यावर ठेवली की बहुतेक वेळा काम होतं.

हे झालं मेलचं. आधारचं मात्र वेगळं आहे. आधारला परदेशी मोबाइल नंबर चालत नाही. बऱ्याच बँकांचे ओटीपीही भारतातल्या नोंदवलेल्या नंबरवरच जातात. म्हणून परदेशी जाणाऱ्यांनी भारतातलं सिम चालू ठेवावं, आणि शक्यतो घरी न ठेवता स्वतःच्याच फोनच्या दुसऱ्या खाचेत न्यावं. जाण्याआधी कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, तिकडे गेल्यावर डेटा रोमिंग बंद ठेवा. मेसेज यायला डेटा लागत नाही.

सिम बंद पडू दिलं तर नुकसान फक्त गैरसोयीचं नाही. कायमचा बंद झालेला नंबर किमान 90 दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग तुमच्या बँकेचा ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर वाजेल. नंबर सोडायचाच असेल तर आधी बँक, मेल, विमा, सगळीकडून काढून टाका, मगच सोडा.

नंबर चालू आहे पण सिम हरवलं किंवा खराब झालं, तर डुप्लिकेट सिम मिळतं. ते ज्याच्या नावावर आहे त्याचीच ओळख पटवून द्यावी लागते, त्यामुळे आई-बाबांना ते काढून देता येईलच असं नाही. शिवाय नवीन सिम सुरू झाल्यावर पहिले 24 तास त्यावर मेसेज येत-जात नाहीत. सिम फसवून बदलणाऱ्या चोरांना आळा बसावा म्हणून तो नियम आहे. सुट्टीत दोन दिवसांसाठी मुंबईत आलेल्यांनी डुप्लिकेट सिमचं काम पहिल्याच दिवशी करावं.

या कामासाठी दुकानात येणार असाल तर मुलाला किंवा मुलीला आधी फोन करून दोन गोष्टी विचारून या : कुठल्या जुन्या फोनवर, लॅपटॉपवर किंवा घरच्या कॉम्प्युटरवर मेल अजून चालू आहे, आणि कोडच्या पानावर नंबरचे कोणते शेवटचे आकडे दिसतात. घरचं असं कुठलंही जुनं मशीन असेल तर ते आमच्याकडे येईपर्यंत फॉरमॅट करू नका, त्यावरून लॉग आउटही करू नका. पासवर्ड आणि बॅकअप कोड आम्हाला सांगायची गरज नाही. टाइप तुमचं तुम्हीच करायचं, आम्ही शेजारी बसून कुठे दाबायचं ते दाखवू.