वर्तुळातली उणे दोन कुटुंबे

एखाद्या पाहणीत ‘६० टक्के लोक दुचाकी वापरतात आणि ५५ टक्के लोक बसने जातात’ असे छापून आले, की बेरीज ११५ होते म्हणून सारी पाहणीच खोटी ठरवणारे वाचक हमखास भेटतात. प्रत्यक्षात त्या बेरजेत काहीच खोट नसते, कारण कधी दुचाकीने तर कधी बसने जाणारा माणूस दोन्हीकडे मोजला गेलेला असतो. १०० च्या वर गेलेले १५ उलट कामाची माहिती देतात: निदान १५ टक्के लोक दोन्ही वाहने वापरत असलेच पाहिजेत. जास्तीत जास्त किती, तर ५५ टक्के, कारण बसने जाणारेच मुळात तेवढे आहेत. १५ आणि ५५ यांच्यामधला नेमका आकडा मात्र वेगळा प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही.

नववीच्या बीजगणितातल्या ‘संच’ या पहिल्याच प्रकरणात हेच गणित n(A ∪ B) = n(A) + n(B) − n(A ∩ B) या सूत्राच्या रूपात भेटते. दोन्हीकडे मोजलेल्यांना एकदा वजा करायचे, एवढाच त्याचा अर्थ आहे. मुले हे सूत्र पाठ करतात, त्यात आकडे घालतात आणि उत्तर काढून मोकळी होतात. आकृती काढलीच तर ती उत्तराशेजारची शोभा म्हणून काढतात. खरी तपासणी मात्र त्या आकृतीतच होते, आणि ती कशी होते हे तीन संचांच्या एका उदाहरणात नीट पाहता येते.

कृतिपत्रिकेत असते तसे एक उदाहरण रचू. एका वसाहतीतील १२५ कुटुंबांना विचारले असता ७० कुटुंबांकडे मराठी, ५० कडे इंग्रजी आणि ४० कडे हिंदी वर्तमानपत्र येते असे आढळले. मराठी आणि इंग्रजी दोन्ही घेणारी कुटुंबे २६, मराठी आणि हिंदी घेणारी १८, इंग्रजी आणि हिंदी घेणारी १४ आणि तिन्ही घेणारी ८ आहेत. तर एकही वर्तमानपत्र न घेणारी कुटुंबे किती?

आधी एक चौकोन काढावा. तो १२५ कुटुंबांचा विश्वसंच झाला. त्यात M, E आणि H ही तीन वर्तुळे अशी काढावीत की प्रत्येक वर्तुळ उरलेल्या दोघांना छेदेल आणि मध्ये तिघांची मिळून एक सामाईक जागा राहील. भरायला सुरुवात याच मधल्या जागेपासून करायची: तिथे ८ लिहावेत. मग दोघादोघांच्या जागा घ्याव्यात. येथेच बहुतेकांची गाडी घसरते, कारण ‘मराठी आणि इंग्रजी दोन्ही घेणारी २६’ हे वाचले की M आणि E यांच्या उरलेल्या पाकळीत सरळ २६ लिहिले जातात. परंतु तिन्ही घेणारी ८ कुटुंबेही मराठी आणि इंग्रजी घेतातच. ती या २६ मध्ये धरलेली आहेत. प्रश्नात ‘फक्त’ हा शब्द नसेल तर पाकळीत २६ − ८ = १८ यायला हवेत. तसेच M आणि H यांच्या पाकळीत १० आणि E व H यांच्या पाकळीत ६ येतात. आता केवळ मराठी घेणारी ७० − १८ − १० − ८ = ३४, केवळ इंग्रजी घेणारी १८ आणि केवळ हिंदी घेणारी १६ कुटुंबे उरतात. सातही जागांची बेरीज ११० होते आणि वर्तुळांबाहेर १५ कुटुंबे राहतात.

जो विद्यार्थी तिन्ही पाकळ्यांत २६, १८ आणि १४ असे सरळ लिहितो, त्याला बाहेर ३९ कुटुंबे मिळतात, आणि कोणताही आकडा विचित्र दिसत नसल्यामुळे त्याला शंकाही येत नाही. चूक पकडायची तर भरलेली आकृती उलट वाचावी लागते. M आणि E या दोन्हींच्या आत असलेल्या सगळ्या जागा मिळवल्या तर त्याच्या आकृतीत ३४ भरतात, आणि प्रश्नात तर २६ दिलेले असतात.

आता मला या विषयात सर्वांत आवडणारी गोष्ट. समजा, प्रश्न तयार करणाऱ्याने घाईत हिंदीची ४० कुटुंबे २२ केली आणि बाकीचे आकडे तसेच ठेवले. तीन संचांच्या सूत्रात हे आकडे घातले तर ७० + ५० + २२ − २६ − १८ − १४ + ८ = ९२ येते. १२५ मधून ९२ वजा केले की उत्तर ३३. सूत्राची काहीही तक्रार नाही, उत्तर धन आहे, पूर्णांक आहे आणि १२५ पेक्षा लहानही आहे. पण आकृती भरू लागलो की केवळ हिंदीच्या जागेत २२ − १० − ६ − ८ म्हणजे उणे २ कुटुंबे येतात. हिंदीसोबत आणखी एखादे वर्तमानपत्र घेणारीच १० + ६ + ८ = २४ कुटुंबे असताना हिंदी घेणारी एकूण २२ असणार कशी? सूत्राला हे कळत नाही, कारण बेरीज करताना ते उणे दोन इतर जागांच्या धन आकड्यांत विरून जातात. अशी पाहणी जगात कुठेही होऊ शकत नाही, आणि खऱ्या पाहणीच्या अहवालात असे आढळले तर आकडे मोजताना किंवा छापताना चुकले आहेत हे घरबसल्या सिद्ध होते. अर्थात सगळ्या जागा शून्य किंवा धन आल्या म्हणून आकडे खरेच ठरतात असे नाही. ते शक्य आहेत, एवढेच म्हणता येते.

पूरक संचाबाबतही ‘नाही’ कोणाला लागू आहे हे आकृतीवर बोट ठेवून ठरवावे. मराठी किंवा इंग्रजी यांपैकी एकही न घेणारी कुटुंबे म्हणजे (M ∪ E)′: मूळ उदाहरणात केवळ हिंदीची १६ आणि बाहेरची १५, मिळून ३१. मराठी आणि इंग्रजी दोन्ही न घेणारी, असे म्हटले तर मात्र पंचाईत होते, कारण त्याचा अर्थ हीच ३१ असाही होतो आणि (M ∩ E)′ म्हणजे १२५ − २६ = ९९ असाही. मदुराईत १८०६ मध्ये जन्मलेल्या ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखले जाणारे नियम हाच फरक सांगतात: संयोगाचा पूरक हा पूरकांचा छेद असतो आणि छेदाचा पूरक हा पूरकांचा संयोग असतो.

ताईत बांधून परीक्षेत पास झालेल्यांच्या कहाण्या सांगणारे लोक दोन वर्तुळांच्या आकृतीतली फक्त छेदाची जागा दाखवतात. ताईत बांधून नापास झालेले, न बांधता पास झालेले आणि वर्तुळांबाहेरचे, या तीन जागांचे आकडे विचारल्यावर विषय बदलतो.

सगळ्या जागा आधी आखायच्या, मग त्या रिकाम्या आहेत की भरलेल्या ते पाहायचे, ही शिस्त जॉन व्हेन यांची. अठराव्या शतकात ऑयलर यांनीही वर्तुळे वापरली होती, पण ते संचांचे जे नाते मुळात ठाऊक असेल तेवढेच काढत. १८८० मध्ये व्हेन यांनी उलट मार्ग धरला, आणि म्हणूनच उणे दोन लिहायला आपल्याला जागा मिळते. तीन संचांना बाहेरची जागा धरून ८ जागा लागतात, चारांना १६. पण चार वर्तुळे कशीही मांडली तरी १४ पेक्षा जास्त जागा होत नाहीत, कारण दोन वर्तुळे एकमेकांना फार तर दोनच बिंदूंत छेदतात. वरच्या उदाहरणात गुजरातीचे चौथे वर्तुळ घातले आणि चारही वर्तुळे नेहमीसारखी गोलाकार मांडली, तर समोरासमोर येणाऱ्या मराठी आणि हिंदी या दोनच भाषांची वर्तमानपत्रे घेणाऱ्या कुटुंबाला आकृतीत घरच उरत नाही. इंग्रजी आणि गुजराती ही दोनच घेणाऱ्यांचेही तसेच. व्हेन यांनी चार संचांसाठी लंबवर्तुळे वापरली ती यामुळेच. ती काढणे जड जात असेल तर सोळा ओळींचा तक्ता करून प्रत्येक ओळीत चार भाषांपुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहावे आणि त्या ओळीचा आकडा शेवटच्या रकान्यात भरावा.